एजंटने गळ्यात मारलेली पॉलिसी: पहिले तीस दिवस, आणि ते हुकले तर

दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीतल्या काकू एक जाड लिफाफा घेऊन माझ्याकडे आल्या. वय त्रेसष्ट, शाळेतून निवृत्त, घरात एकट्या. बँकेतली दोन लाखांची एफडी मोडली होती. भिशीतल्या मैत्रिणीचा भाचा विमा एजंट आहे, त्याने सांगितलं होतं, "काकू, एफडीसारखंच आहे. एकदाच भरायचे, पाच वर्षांनी दुप्पट." काकूंनी चेक दिला, चार ठिकाणी सह्या केल्या. लिफाफा पंधरा दिवस देवघराच्या कपाटात तसाच पडून होता.

मी बावीस वर्षं एका विमा कंपनीच्या पुण्यातल्या शाखेत पॉलिसी सर्व्हिसिंगच्या टेबलावर काढली. असे लिफाफे शेकड्यांनी पाहिले. त्यामुळे सगळं वाचत न बसता मी फक्त तीन ओळी शोधल्या: हप्ता किती, किती वर्षं भरायचा, आणि पॉलिसीची मुदत किती. वार्षिक हप्ता दोन लाख. भरायची वर्षं दहा. मुदत वीस. म्हणजे त्र्याहत्तराव्या वर्षापर्यंत दरवर्षी दोन लाख भरायचे आणि पैसे हातात यायचे त्र्याऐंशीव्या वर्षी. काकूंचं पेन्शन महिन्याला एकतीस हजार. काकू गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "पण त्याने तर एकदाच सांगितलं होतं गं."

त्यांचे पैसे परत मिळाले, आणि ते एका तारखेमुळे मिळाले.

तारीख कुठून मोजायची

आयुर्विमा घेतल्यावर पॉलिसीचा कागद हातात आल्यापासून तीस दिवसांत ती रद्द करता येते. याला फ्री लुक म्हणतात. पूर्वी कागदी पॉलिसीला पंधरा दिवस असत. विमा नियामक आयआरडीएआयने 2024 मध्ये पॉलिसीधारकांच्या हितरक्षणाचे नवे नियम आणले, तेव्हापासून सरसकट तीस दिवस आहेत. फक्त एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या पॉलिसीला ही सोय नाही. अट एवढीच की या काळात त्या पॉलिसीवर क्लेम केलेला नसावा. एजंट खोटं बोलला हे सिद्ध करावं लागत नाही. अटी वाचल्या, पटल्या नाहीत, एवढं कारण पुरतं.

लोक इथे पहिली चूक करतात ती दिवस मोजण्यात. कोणी चेक दिल्याच्या दिवसापासून मोजतं, कोणी पॉलिसीवर छापलेल्या सुरुवातीच्या तारखेपासून. दोन्हीही चूक. दिवस मोजायचे ते पॉलिसीचा दस्तऐवज मिळाल्यापासून, मग तो कागदावर मिळो की ईमेलवर. आणि ईमेल बहुतेकदा आधी येतो. काकूंचा लिफाफा 12 नोव्हेंबरला स्पीड पोस्टाने आला होता, म्हणून त्यांच्या हिशेबाने 11 डिसेंबरपर्यंत वेळ होता. त्यांचा फोन घेऊन मी ईमेल पाहिला, तर पॉलिसीची पीडीएफ 3 नोव्हेंबरलाच येऊन पडलेली. ती त्यांनी उघडलीही नव्हती. म्हणजे शेवटचा दिवस 2 डिसेंबर. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा तारीख होती 27 नोव्हेंबर.

ईमेल वाचला नव्हता, सबब तारीख कागदी प्रतीपासून धरा, असा वाद नंतर घालता येतो. पण जो वाद टाळता येतो तो घालू नये. ईमेल, एसएमएसमधली लिंक, पोस्टाचा लिफाफा, यांतलं जे सगळ्यात आधी आलं तो दिवस पहिला धरा आणि तीस मोजा. पोस्टाचा लिफाफा फेकू नका. त्यावरचा स्पीड पोस्टाचा क्रमांक आणि शिक्का हा मिळाल्याच्या तारखेचा पुरावा असतो.

याचा एक अपवाद मी वारंवार पाहिला आहे. पॉलिसीच्या मागच्या पानांत तुमच्या प्रपोजल फॉर्मची प्रत जोडलेली असते. त्यातला मोबाइल आणि ईमेल तुमचाच आहे का, ते आधी तपासा. काही एजंट तिथे स्वतःचा किंवा ऑफिसमधल्या कोणाचा तरी ईमेल घालतात. म्हणजे पॉलिसी तिकडे जाते, आठवणीचे फोनही तिकडेच जातात, आणि ग्राहकाला काही कळायच्या आत महिना संपतो. तसं झालं असेल तर तो ईमेल तुम्हाला मिळालेलाच नाही, असं ठामपणे लिहा. दस्तऐवज ग्राहकाला पोचला हे दाखवायची जबाबदारी कंपनीची आहे. पुढे तक्रारीतही हा एक मुद्दा फार वजनाचा ठरतो.

रद्द करण्याचा अर्ज

काकूंचा पहिला विचार होता एजंटला फोन करायचा. मी अडवलं. यात वैर काही नाही. पॉलिसी रद्द झाली की एजंटचं कमिशन परत जातं, त्यामुळे त्याला रद्द होण्यात रस नसतो. "काकू, मीच करून देतो, पॉलिसी माझ्याकडे द्या" असं म्हणून मूळ कागद घेऊन जायचे आणि बत्तिसाव्या दिवशी "ऑफिसने नाकारलं हो" असं सांगायचं, हे माझ्या टेबलावर इतक्यांदा आलेलं आहे की मी आता कोणालाही एकच सांगते: मूळ पॉलिसी एजंटच्या हातात देऊ नका आणि अर्जही त्याच्यामार्फत पाठवू नका.

अर्ज साधा असतो. बहुतेक कंपन्यांचा छापील फॉर्म असतो, पण साध्या कागदावरही चालतो, आणि मराठीत लिहिला तरी चालतो. काकूंचा असा होता:

"विषय: पॉलिसी क्रमांक (…) फ्री लुक मुदतीत रद्द करून हप्ता परत मिळणेबाबत.

वरील पॉलिसीचा दस्तऐवज मला दि. 3 नोव्हेंबर रोजी ईमेलने व दि. 12 नोव्हेंबर रोजी टपालाने मिळाला. पॉलिसीतील हप्ता भरण्याची मुदत व पॉलिसीची मुदत मला मान्य नाही. एकदाच रक्कम भरावी लागेल असे मला विक्रीच्या वेळी सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात दहा वर्षे वार्षिक हप्ता आहे. या पॉलिसीवर मी कोणताही क्लेम केलेला नाही. सबब फ्री लुक तरतुदीनुसार पॉलिसी रद्द करावी व रक्कम माझ्या खालील बँक खात्यात जमा करावी. या पॉलिसीऐवजी दुसरी पॉलिसी मला नको आहे."

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं. कंपनीकडे अर्ज गेला की दोन दिवसांत फोन येतो, आवाज गोड असतो, आणि प्रस्ताव असा की रद्द कशाला करता, कमी हप्त्याच्या दुसऱ्या प्लॅनमध्ये पैसे वळवून देतो. फोनवर "बरं, बघू" म्हटलं तरी अर्ज थांबवल्याची नोंद होऊ शकते. काकूंना मी एक वाक्य पाठ करायला लावलं: "अर्जात लिहिलंय तेच करा, मला दुसरं काही नको." त्यांनी तो फोन दोनदा घेतला आणि दोनदा तेवढंच बोलल्या. शाळेत वर्ग सांभाळलेली बाई, आवाज चढवावा लागला नाही.

अर्जासोबत पॉलिसीची मूळ प्रत, ओळखपत्राची प्रत आणि कॅन्सल्ड चेक जोडा. चेकवर नाव छापलेलं असावं आणि ते पॉलिसीवरच्या नावाशी जुळावं. काकूंच्या पॉलिसीवर पूर्ण नाव होतं आणि चेकवर नुसती आद्याक्षरं. अशा फरकावर शाखा अर्ज "अपूर्ण" म्हणून बाजूला ठेवते, म्हणून सोबत पासबुकाचं पहिलं पान लावलं. पॉलिसी फक्त ईमेलवर आली असेल तर मूळ प्रत द्यायचा प्रश्नच नाही, तेवढं अर्जात लिहा. कागद देण्याआधी सगळ्याचे फोटो काढून ठेवा, पॉलिसीच्या प्रत्येक पानाचे.

आता सगळ्यात मोठा धोका. काउंटरवर तुमच्यासमोर जो फॉर्म येईल त्याचं शीर्षक वाचा. फ्री लुक कॅन्सलेशन आणि सरेंडर या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. सरेंडर म्हणजे चालू पॉलिसी मधेच सोडणं, आणि पहिल्याच महिन्यात सोडली तर हाती जवळजवळ काहीच पडत नाही. "पॉलिसी बंद करायची आहे" असं तोंडी सांगितलं की काउंटरवरचा नवखा मुलगा सरेंडरचा फॉर्म पुढे करतो, बऱ्याचदा त्याच्या मनात काही वाईटही नसतं. एकदा त्यावर सही झाली की तुम्हीच तसं मागितलंत असा कागद तयार होतो. म्हणून तोंडी सांगतानाही "फ्री लुक" हाच शब्द वापरा.

अर्ज शाखेत दिलात तर दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. "सिस्टीममध्ये टाकतो, मेसेज येईल" यावर उठून येऊ नका. आम्ही 28 नोव्हेंबरला शाखेत अर्ज दिला, पोच घेतली, आणि त्याच संध्याकाळी त्या पोचेचा फोटो जोडून काकूंच्या स्वतःच्या ईमेलवरून कंपनीच्या ग्राहक सेवेच्या पत्त्यावर तोच अर्ज पाठवला. शाखेतला कागद हरवला तरी ईमेलची तारीख कोणी पुसू शकत नाही. मुदत एक-दोन दिवसांवर आली असेल तर आधी ईमेल पाठवा, शाखेत नंतर जा. नुसता कॉल सेंटरला फोन करून भागत नाही. केलाच तर तक्रार क्रमांक मागून लिहून ठेवा.

किती परत येतात

अर्ज मिळाल्यापासून सात दिवसांत कंपनीने पैसे परत करायचे असतात. पूर्ण रक्कम येत नाही. तीन गोष्टी कापल्या जातात. एक, जितके दिवस विम्याचं संरक्षण होतं तितक्या दिवसांचा जोखीम हप्ता. दोन, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च. तीन, मुद्रांक शुल्क, जे विमा रकमेवर दर हजारी वीस पैसे असतं.

काकूंची विमा रक्कम वीस लाख होती, म्हणजे मुद्रांक चारशे रुपये. रक्ततपासणी आणि ईसीजी घरी येऊन केलेला, त्याचे बाराशे. जोखीम हप्ता वयावर ठरतो, त्रेसष्टाव्या वर्षी तो तरुण माणसापेक्षा बराच जास्त. पंचवीसेक दिवसांचे सोळाशे चाळीस कापले. दोन लाखांतून तीन हजार दोनशे चाळीस वजा जाऊन एक लाख शहाण्णव हजार सातशे साठ खात्यात आले. कंपनीने यापेक्षा वेगळं काही कापलं असेल, एजंटचं कमिशन किंवा "प्रशासकीय खर्च" असं काही, तर लेखी हिशेब मागा. त्या तीन बाबींत ते बसत नाही.

युलिप असेल तर हिशेब थोडा बदलतो. पैसे बाजारात गेलेले असतात, त्यामुळे रद्द केल्याच्या दिवशीच्या युनिटच्या किमतीचा त्यात भाग असतो. बाजार पडला असेल तर तेवढी झळ लागते. त्या भीतीने थांबणं मात्र परवडत नाही. महिना उलटल्यावर जे जातं ते याहून किती तरी मोठं असतं.

तीस दिवस निघून गेले असतील तर

काकूंची गोष्ट ऐकून त्यांचे हडपसरचे दीर आले. त्यांची पॉलिसी अकरा महिने जुनी होती. दीड लाख भरलेले, तेही "एकदाच" म्हणून, आणि आता दुसऱ्या हप्त्याची नोटीस आलेली. वय सहासष्ट. एजंट वेगळा, शब्द तेच.

इथे खरं बोललं पाहिजे: आता हक्काने पैसे मागता येत नाहीत. आता दाखवावं लागतं की सांगितलं एक आणि विकलं दुसरं. आणि कंपनीकडे त्याच्या उलट बाजूचे दोन भक्कम कागद असतात. पहिला बेनिफिट इलस्ट्रेशन, म्हणजे दरवर्षी किती भराल आणि किती मिळेल याचा तक्ता, त्यावर तुमची सही. दुसरा व्हेरिफिकेशन कॉल. पॉलिसी देण्याआधी कंपनी फोन करून विचारते की हप्ता दरवर्षी भरायचाय हे माहीत आहे का. एजंट आधीच सांगून ठेवतो, "सर, फोन येईल, सगळ्याला हो म्हणा, नाहीतर अडकतं." भाऊजींनीही हो म्हटलं होतं, आणि त्यांनी ते माझ्यापासून लपवलं नाही. लपवलं असतं तर सुनावणीत रेकॉर्डिंग वाजल्यावर सगळीच विश्वासार्हता गेली असती.

म्हणून मी त्यांना म्हटलं, आधी भांडू नका, आधी कागद मागवा. कंपनीला ईमेल केला: प्रपोजल फॉर्मची पूर्ण प्रत, सही केलेलं बेनिफिट इलस्ट्रेशन, पॉलिसी माझ्यासाठी योग्य असल्याबद्दल एजंटने भरलेला तपशील, व्हेरिफिकेशन कॉलचं रेकॉर्डिंग, आणि पॉलिसी मला कधी व कशी पोचवली त्याचा पुरावा. दहा दिवसांनी, आठवण केल्यावर, बरंचसं आलं.

आणि प्रपोजल फॉर्म बोलायला लागला. व्यवसाय: "ट्रेडिंग". वार्षिक उत्पन्न: बारा लाख. भाऊजी एका कारखान्यातून निवृत्त, पेन्शन आणि व्याज धरून महिन्याला अडतीस हजार. बारा लाख लिहिले नसते तर या वयात दीड लाखाचा वार्षिक हप्ता त्या उत्पन्नात बसलाच नसता. तो आकडा भाऊजींचा नव्हता, अक्षरही त्यांचं नव्हतं. शिवाय व्हॉट्सअॅपवर एजंटचा मेसेज होता: "सर सिंगल पेमेंट आहे, 5 वर्षात 2.25 लाख गॅरंटीड." भाऊजी तो मेसेज पुरावा म्हणून धरतच नव्हते. त्यांना वाटत होतं सही केली म्हणजे आपलीच चूक.

तुमच्या कागदांत शोधायच्या गोष्टी याच: उत्पन्न, व्यवसाय, शिक्षण, ईमेल, दुसऱ्या विम्यांची माहिती. खोटं विकायला एजंटला फॉर्ममध्ये खोटं लिहावं लागतं, आणि ते तिथेच राहून जातं. मेसेजचा स्क्रीनशॉट घेताना वरचा फोन नंबर आणि तारीख दिसली पाहिजे. मूळ मेसेज फोनमधून पुसू नका आणि फोनही बदलू नका. एजंटने स्वतःच्या हाताने कागदावर आकडेमोड करून दिली असेल तर तो कागद सोन्याचा.

मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार. त्याचा ईमेल पॉलिसीच्या दस्तऐवजात आणि कंपनीच्या साइटवर असतो. तक्रारीत संताप कमी आणि तारखा जास्त ठेवा. काय सांगितलं, काय निघालं, पुरावा कोणता, मागणी काय. भाऊजींची मागणी एका ओळीची होती: पॉलिसी सुरुवातीपासून रद्द करून भरलेले दीड लाख परत द्यावेत. "योग्य ती कारवाई करावी" अशी गुळमुळीत मागणी केली की एजंटला समज दिली असं उत्तर येतं आणि तक्रार बंद होते.

कंपनीने दोन आठवड्यांत उत्तर द्यायचं असतं. याच तक्रारीची नोंद आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवरही करा, bimabharosa.irdai.gov.in वर, किंवा 155255 या क्रमांकावर फोन करून. इथे एक गैरसमज असतो. आयआरडीएआय तुमचा निवाडा करत नाही. ती तक्रार कंपनीकडेच पाठवते आणि उत्तर दिलं की नाही यावर लक्ष ठेवते. पण तिथे मिळणारा टोकन क्रमांक उपयोगी असतो, कारण मग "तक्रार आलीच नव्हती" असं कंपनीला म्हणता येत नाही.

भाऊजींना तेराव्या दिवशी उत्तर आलं. फ्री लुकची मुदत संपलेली आहे, ग्राहकाने इलस्ट्रेशनवर सही केलेली आहे, व्हेरिफिकेशन कॉलवर संमती दिलेली आहे, सबब मागणी मान्य करता येत नाही. जवळपास प्रत्येकाला पहिलं उत्तर हेच येतं. बरेच लोक इथे सोडून देतात. खरं तर हा नकाराचा कागद हातात पडला की पुढचं दार उघडतं.

दरम्यान दुसऱ्या हप्त्याचं काय, असं भाऊजींनी विचारलं. वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत असते, त्यानंतर पॉलिसी बंद पडते. तक्रार चालवण्यासाठी हप्ता भरत राहावा लागत नाही. उलट हप्ता एकदाच आहे असं सांगितलं होतं म्हणायचं आणि दुसरा निमूट भरायचा, याने तुमचीच बाजू लंगडी होते. त्यांनी भरला नाही, आणि का भरत नाही ते ईमेलने कळवलं. एक मात्र नीट पाहा: त्या पॉलिसीवर तुमचं कुटुंब विमा संरक्षण म्हणून खरोखर अवलंबून असेल, तर हा निर्णय वेगळा घ्यावा लागेल.

नारायण पेठेतलं लोकपाल कार्यालय

ते दार म्हणजे विमा लोकपाल, ग्राहक आणि विमा कंपनी यांच्यातल्या तक्रारीवर निवाडा देणारा अधिकारी. पुण्यात त्यांचं कार्यालय नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर जीवन दर्शन इमारतीत आहे. मुंबई महानगराचा भाग सोडून उरलेल्या बहुतेक महाराष्ट्राच्या तक्रारी इथे येतात, त्यामुळे सातारा, कोल्हापूर, नाशिककडच्या लोकांनाही हेच कार्यालय. फी नाही. वकील चालत नाही, तुम्ही स्वतः बोलायचं. कंपनीकडूनही तिचा अधिकारीच येतो.

दार कधी उघडतं ते नीट समजून घ्या. आधी कंपनीला लेखी कळवलेलं असलं पाहिजे. मग तिने नाकारलेलं असावं, किंवा असमाधानकारक उत्तर दिलेलं असावं, किंवा महिनाभर उत्तरच दिलेलं नसावं. तिथून एक वर्षाच्या आत लोकपालांकडे जावं लागतं. मागणी पन्नास लाखांच्या आत हवी. आणि तोच विषय न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात चालू असेल तर लोकपाल तो घेत नाहीत. म्हणून दोन्हीकडे एकदम अर्ज टाकू नका. आधी लोकपाल, असं माझं मत आहे, कारण तिथे खर्च नाही आणि निर्णय पटला नाही तर तो तुमच्यावर बंधनकारक नसतो. कंपनीवर मात्र असतो.

तक्रार cioins.co.in वरून ऑनलाइन करता येते किंवा कागदावर नेऊन देता येते. भाऊजींनी कागदावर दिली. पॉलिसीची प्रत, कंपनीला केलेली तक्रार, तिचं नकाराचं उत्तर, प्रपोजल फॉर्म, पेन्शनच्या खात्याचा उतारा, मेसेजचे स्क्रीनशॉट, आणि सगळ्यात वर एका पानावर तारखेनुसार घटनाक्रम. ते एक पान लिहायला आम्हाला अख्खी दुपार लागली, पण सुनावणीत समोरच्यांच्या हातात तेच पान होतं. पुढे कार्यालयाकडून संमतिपत्र भरून मागतात, तेही लगेच द्या. ते अडकलं की प्रकरण पुढे सरकत नाही.

सुनावणी छोटी असते, कधी व्हिडिओ कॉलवरही होते. कंपनीच्या अधिकाऱ्याने रेकॉर्डिंगचा मुद्दा काढला. भाऊजी म्हणाले, "हो, मी हो म्हटलं. मला तसं सांगितलं होतं. पण बारा लाख उत्पन्न मी कधीच सांगितलं नाही. माझं पेन्शनचं खातं बघा." मग प्रश्न कंपनीला विचारले गेले: उत्पन्नाचा पुरावा घेतला होता का? नव्हता घेतला. एजंटचा मेसेज खरा आहे का? त्यावर उत्तर नव्हतं.

सगळ्यांचं असं होत नाही. तीन वर्षं निमूट हप्ते भरून मग आलेल्यांच्या, किंवा तोंडी आश्वासनापलीकडे काहीच नसलेल्यांच्या तक्रारी फेटाळल्या गेलेल्या मी पाहिल्या आहेत. कधी मधला मार्ग निघतो, भरलेल्या रकमेची एकरकमी हप्त्याची पॉलिसी करून देण्याचा आदेश होतो. तो मान्य करण्याआधी त्या नव्या पॉलिसीत पैसे किती वर्षं अडकतील ते विचारा.

कागदपत्रं पूर्ण झाल्यापासून तीन महिन्यांत निवाडा द्यायचा असतो, आणि तो मिळाल्यापासून कंपनीने तीस दिवसांत अंमल करायचा असतो. निवाडा विरुद्ध गेला तर ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात दाखल करता येते, म्हणजे कंपनीचं मुख्यालय मुंबईत असलं तरी पुण्यातच. पाच लाखांपर्यंतच्या हप्त्याला फी लागत नाही. मात्र तिथे घटनेपासून दोन वर्षांची मर्यादा आहे, म्हणून लोकपालांच्या निकालाची वाट पाहताना ही तारीखही कॅलेंडरवर लिहून ठेवा.

सही खोटी असेल, किंवा एजंटने रोख रक्कम घेऊन पावती दिली नसेल, तर तो विक्रीतल्या फसवणुकीपलीकडचा गुन्हा आहे. त्यासाठी कंपनीची वाट न पाहता पोलिस ठाण्यात तक्रार द्या आणि तिची प्रत वरच्या प्रत्येक अर्जाला जोडा.

भाऊजींच्या बाजूने निवाडा झाला: पॉलिसी रद्द, दीड लाख परत, व्याज नाही. व्याज मिळालं नाही म्हणून ते थोडे खट्टू होते. निवाड्याची प्रत जोडून आम्ही कंपनीला बँक खात्याचा तपशील पाठवला, तारीख लिहून ठेवली, आणि सव्विसाव्या दिवशी पैसे जमा झाल्याचा मेसेज त्यांनी मला फोन करून वाचून दाखवला.